घरावर अचानक संकट आल्यावर क्लायंटकडे मुदतवाढ कशी मागावी: एका वार्षिक अहवालाच्या कामावरून

सोमवार, १७ ऑगस्टच्या रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि डोंबिवलीहून त्यांना परळच्या एका रुग्णालयात न्यावे लागले. त्याच आठवड्यात, शुक्रवारी २१ तारखेला, दादरमधील एका सहकारी पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचा मराठी अनुवाद अक्षरजुळणीसह मला द्यायचा होता. चौसष्ट पृष्ठांचे काम होते आणि त्याचा छापखानाही ठरलेला होता. ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या आठवड्यात मुदतवाढ मागण्यासाठी मी जे लिहिले, त्याआधी जे चुकीचे लिहून खोडले आणि त्यामागे जो हिशेब केला, तो येथे क्रमाने मांडते आहे. घरून किंवा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कोणावरही अशी वेळ येते आणि तेव्हा डोके शांत नसते. म्हणून कोणते वाक्य आधी लिहायचे आणि कोणते लिहायचेच नाही, हे आधीपासून ठाऊक असलेले बरे.

आधी फक्त कळवावे, मागू नये

बहुतेकांची पहिली चूक अशी होते की संकटाची बातमी आणि नवी तारीख एकाच संदेशात लिहिली जाते. रुग्णालयाच्या बाकावर बसून आपण 'दोन-तीन दिवस द्या' असे लिहितो, पण त्या दोन-तीन दिवसांना कसलाच आधार नसतो. डॉक्टर अजून काही बोललेले नसतात, बहीण पुण्याहून निघालेली असते की नाही हेही ठाऊक नसते. मग ती तारीख हुकते आणि दुसऱ्यांदा मागण्याची पाळी येते. पहिल्या वेळी क्लायंटने विश्वास ठेवलेला असतो. दुसऱ्या वेळी तो विश्वास आपणच कमी केलेला असतो.

म्हणून दोन संदेश लिहावेत. पहिला लगेच, म्हणजे समोरचे कार्यालय उघडण्याच्या सुमारास. मी मंगळवारी सकाळी पावणेदहाला व्हॉट्सॲपवर एवढेच पाठवले:

> नमस्कार मॅडम. काल रात्री माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आल्याने ते अतिदक्षता विभागात आहेत. आज मी अहवालाचे काम करू शकणार नाही आणि शुक्रवारची मुदत पाळणे कठीण दिसते आहे. नेमके काय कधी देता येईल, हे मोजून आज संध्याकाळी सहापर्यंत आपल्याला लेखी कळवते. तोपर्यंत छापखान्याला शुक्रवारची खात्री कृपया देऊ नये.

या संदेशात एकही मागणी नाही. मात्र शेवटचे वाक्य समोरच्याला एक उपयोगी कृती सुचवते आणि 'संध्याकाळी सहा' ही वेळ आपल्याला बांधून घेते. ती वेळ पाळता येईल अशीच लिहावी, कारण संकटाच्या दिवशी दिलेला हा आपला पहिला शब्द असतो. मध्यरात्री फोन करण्याची किंवा रात्री दोन वाजता संदेश टाकण्याची गरज नसते. त्या वेळी क्लायंट काहीच करू शकत नाही.

उरलेले काम तासांत मोजावे

'काम जवळपास झाले आहे' हे वाक्य मी त्या दुपारी लिहिले आणि खोडले. ते खोटे नव्हते, पण त्यात काहीच सांगितलेले नव्हते. अतिदक्षता विभागाबाहेर बसून मी वहीत उरलेले काम मांडले. चौसष्टपैकी पहिल्या सेहेचाळीस पृष्ठांचा अनुवाद झाला होता आणि त्यातल्या पहिल्या तीस पृष्ठांचे मुद्रितशोधन झाले होते. म्हणजे अठरा पृष्ठांचा अनुवाद आणि चौतीस पृष्ठांचे मुद्रितशोधन बाकी होते. ताळेबंद आणि लेखापरीक्षकांच्या टिपणांची पाने मला पृष्ठाला सरासरी चाळीस मिनिटे घेतात, म्हणजे अनुवादाचे बारा तास झाले. मुद्रितशोधनाला पृष्ठामागे दहा मिनिटे धरली तर पावणेसहा तासांच्या आतबाहेर. मांडणीतल्या दुरुस्त्यांना सव्वादोन तास धरले आणि एकूण वीस तासांचे काम निघाले.

दुसऱ्या बाजूला हाताशी असलेले तास लिहिले आणि इथेच माणूस स्वतःला फसवतो. नेहमी मी दिवसाला सात तास काम करते. त्या हिशेबाने वीस तास शुक्रवारपर्यंत सहज बसत होते. पण आता डोंबिवली ते परळ जाऊन येऊन तीन तास जात होते, भेटीच्या ठरावीक वेळा होत्या, विम्याच्या कागदांसाठी खिडकीपुढे उभे राहायचे होते. गाडीतले तास मी मोजले नाहीत, कारण त्या गर्दीत उभ्याने आकडे तपासता येत नाहीत. बहीण बुधवारी सकाळी पोहोचणार होती आणि मग आम्ही आळीपाळीने थांबणार होतो. हे सगळे वजा करून बुधवारपासून दिवसाला चार तास उरत होते. बुधवार ते रविवार असे पाच दिवस, म्हणजे नेमके वीस तास. त्यावर एक दिवस राखीव धरून मी सोमवार, २४ ऑगस्टची संध्याकाळ ठरवली.

हा राखीव दिवस कमी करण्याचा मोह फार होतो, कारण कमी दिवस मागितले की आपण कमी त्रास देतो असे वाटते. परंतु ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याचा एखादा दिवस पूर्ण जाणारच, असे धरूनच चालावे. राखीव दिवस वापरावा लागला नाही तर काम लवकर देता येते, आणि त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही.

क्लायंटच्या तारखेमागची तारीख शोधावी

मुदतवाढीचा निर्णय क्लायंट आपल्या अडचणीकडे पाहून घेत नाही, त्याला घेताही येत नाही. तो स्वतःच्या पुढच्या तारखेकडे पाहून घेतो. म्हणून ती तारीख आपणच आधी शोधलेली बरी.

महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. या संस्थेने गणपतीच्या आधीचा रविवार, १३ सप्टेंबर, निवडून सभागृहही ठरवले होते. संस्थेच्या उपविधीप्रमाणे सभासदांना पूर्ण चौदा दिवस आधी सूचना जायला हवी होती आणि अहवाल सूचनेसोबतच जायचा होता. सभेचा दिवस आणि पाठवण्याचा दिवस सोडून चौदा दिवस मोजले की शनिवार, २९ ऑगस्ट ही टपालात टाकण्याची अखेरची तारीख येते. शुक्रवारची २१ ही माझी मुदत होती. संस्थेची खरी मुदत २९ होती.

या दोन तारखांमध्ये छपाईचे तीन दिवस आणि पाकिटे भरण्याचा एक दिवस होता. मी सोमवारी संध्याकाळी फाइल दिली तर मंगळवार ते गुरुवार छपाई, शुक्रवारी पाकिटे, शनिवारी टपाल. बसत होते, पण एकही दिवस शिल्लक राहत नव्हता. आणि गणपतीच्या आधी मुंबईतले छापखाने पावतीपुस्तके, स्मरणिका आणि पत्रिकांनी भरलेले असतात. तिथे एक पाळी हुकली की दोन दिवस जातात. अशा वेळी नुसती 'सोमवार' ही तारीख मागणे म्हणजे माझ्या घरचा धोका संस्थेच्या डोक्यावर ठेवणे होते.

म्हणून कामाचा काही भाग ठरलेल्या शुक्रवारीच द्यावा असे मनात आले. पहिल्या मसुद्यात मी 'पहिली बत्तीस पृष्ठे शुक्रवारी देते' असे लिहिले होते. ते पाठवण्यापूर्वी छापखान्याच्या मालकांना फोन केला, हे फार बरे झाले. ते म्हणाले, "ताई, पहिली बत्तीस घेऊन मी काय करू? मला मधली द्या."

त्यांचे म्हणणे असे होते. अहवाल मधोमध पिना मारून बांधायचा होता. अशा पुस्तकात सोळा पृष्ठांचे फर्मे, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेले भाग, एकात एक घातलेले असतात. सर्वांत बाहेरच्या फर्म्यात पृष्ठ १ ते ८ आणि ५७ ते ६४ असतात, त्याच्या आत ९ ते १६ आणि ४९ ते ५६, मग १७ ते २४ आणि ४१ ते ४८, आणि सर्वांत आत २५ ते ४०. पहिली बत्तीस पृष्ठे दिली असती तर एकच्या जोडीला चौसष्ट नाही म्हणून बाहेरचा फर्मा अडकला असता, तसेच पुढचेही. एकही फर्मा पूर्ण झाला नसता. उलट १७ ते ४८ ही बत्तीस पृष्ठे मिळाली की आतले दोन फर्मे लगेच छापून होतात.

मी वही पुन्हा उघडली. १७ ते ४८ साठी फक्त ४७ आणि ४८ या दोन पृष्ठांचा अनुवाद, ३१ पासून पुढच्या अठरा पृष्ठांचे मुद्रितशोधन आणि तासाभराच्या दुरुस्त्या बाकी होत्या. सगळे मिळून साडेपाच तासांच्या आत होते आणि शुक्रवारपर्यंत माझ्याकडे बारा तास होते. मालकांनी सांगितले की निम्मे शुक्रवारी मिळाले तर उरलेल्या निम्म्याला मंगळवार-बुधवार पुरतील. म्हणजे गुरुवारी पाकिटे, शुक्रवारी २८ तारखेला टपाल, आणि शनिवार संस्थेच्या हातात मोकळा.

थोडे काम आधी देऊ करणे चांगले, असे सगळेच सांगतात. पण तो थोडा भाग समोरच्याच्या पुढच्या टप्प्याला जसाच्या तसा वापरता आला पाहिजे, आणि तो कोणता हे पुढचे काम करणाऱ्यालाच विचारावे लागते.

घरचे किती सांगावे

कोण आजारी आहे, साधारण काय झाले आहे आणि त्यात आपल्याला काय करावे लागते आहे, एवढे एका वाक्यात सांगावे. त्यापलीकडचे वडिलांचे आहे, आपले नाही. सलाइन लावलेल्या हाताचे छायाचित्र, तपासणीचे अहवाल, रुग्णालयाची पावती असे काहीही आपणहून जोडू नये. पुरावा जोडल्यावर आपण नकळत असे सुचवतो की नुसत्या शब्दावर विश्वास बसणार नाही. करारात कागद मागण्याची अट असेल तर मागितल्यावर द्यावेत. आजार वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. 'थोडी तब्येत बिघडली आहे' असे संकोचाने लिहिले की वाचणाऱ्याला तीन दिवसांची मागणी अवाजवी वाटते.

प्रामाणिकपणाची खरी परीक्षा मात्र वेगळ्याच ठिकाणी असते. संकट येण्यापूर्वीच आपण मागे पडलेलो असलो तर काय करायचे? मी त्या वेळी वेळेवर होते, पण दुसऱ्या एका कामात नव्हते आणि तेव्हा सगळा उशीर घरच्या आजारपणावर घालावा असे मनात आले होते. तसे करू नये. क्लायंटला आपल्या शेवटच्या फाइलची तारीख माहीत असते आणि त्याला हिशेब करता येतो. अशा वेळी हे वाक्य लिहावे: 'मागत असलेल्या तीन दिवसांपैकी एक दिवस माझ्या आधीच्या दिरंगाईचा आहे आणि दोन दिवस घरच्या आजारपणामुळे लागत आहेत.' लिहिताना हात थांबतो. तरीही ते लिहिल्यावर उरलेल्या दोन दिवसांबद्दल कोणी शंका घेत नाही.

कायद्याच्या बाजूनेही हे लक्षात ठेवावे की घरातले आजारपण हा आपोआप मिळणारा मुदतवाढीचा हक्क नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६३ प्रमाणे ज्याला काम मिळायचे आहे तो मुदत वाढवू शकतो. म्हणजे ती त्याने द्यायची गोष्ट आहे. कलम ५५ प्रमाणे वेळ हा कराराचा गाभा असेल आणि तो चुकला तर समोरचा करार रद्द करू शकतो, किंवा उशिराचे काम स्वीकारून, तसे त्याच वेळी कळवून, भरपाई मागू शकतो. म्हणून संदेशाची भाषा विनंतीची असावी आणि होकार लेखी मिळवावा.

मुख्य संदेश

मंगळवारी संध्याकाळी साडेपाच वाजता मी हा मजकूर ईमेलने पाठवला आणि व्हॉट्सॲपवर 'ईमेल पाठवला आहे, कृपया पाहावा' असे कळवले.

> विषय: वार्षिक अहवाल – मुदतवाढीची विनंती (शुक्रवार २१ ऐवजी सोमवार २४ ऑगस्ट), निम्मी पृष्ठे शुक्रवारीच
>
> आदरणीय मॅडम,
> सप्रेम नमस्कार.
>
> वार्षिक अहवालाच्या पूर्ण फाइलसाठी शुक्रवार, २१ ऑगस्टऐवजी सोमवार, २४ ऑगस्ट, संध्याकाळी सहापर्यंत मुदत मिळावी, ही विनंती.
>
> सकाळी कळवल्याप्रमाणे माझ्या वडिलांना पक्षाघात झाला असून ते अतिदक्षता विभागात आहेत. माझी बहीण आणि मी आळीपाळीने तेथे थांबणार आहोत. त्यामुळे उद्यापासून मला दिवसाला सुमारे चार तास कामासाठी मिळतील.
>
> आज ४६ पृष्ठांचा अनुवाद झालेला आहे आणि त्यांपैकी ३० पृष्ठे तपासून तयार आहेत. १८ पृष्ठांचा अनुवाद बाकी आहे.
>
> पृष्ठ १७ ते ४८ छपाईसाठी पूर्ण तयार करून शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत देते. छापखान्याशी मी बोलले आहे. ही पृष्ठे आधी मिळाल्यास त्यांना आतले दोन फर्मे छापता येतील आणि उरलेली पृष्ठे सोमवारी मिळाल्यास बुधवारी छपाई संपेल, असे त्यांनी सांगितले आहे. त्याप्रमाणे शुक्रवार, २८ ऑगस्टला अहवाल टपालात टाकता येतील.
>
> हे वेळापत्रक संस्थेला चालणार नसेल, तर उरलेल्या १८ पृष्ठांसाठी माझ्या परिचयातील एका अनुभवी अनुवादिकेला विचारता येईल. हिशेब अद्याप प्रसिद्ध झालेले नसल्याने आपल्या परवानगीशिवाय मी त्यांना काहीही दाखवणार नाही. पारिभाषिक शब्दांची यादी त्यांना देईन आणि त्यांचे मानधन माझ्या मानधनातून जाईल.
>
> या दोनपैकी काय करावे, हे उद्या दुपारी बारापर्यंत कळवावे. या बदलामुळे आपल्याला अध्यक्षांशी आणि छापखान्याशी पुन्हा बोलावे लागणार आहे, याची मला जाणीव आहे आणि त्याबद्दल मी दिलगीर आहे.
>
> आपली विश्वासू,

मागणी पहिल्याच वाक्यात आहे, कारण मॅडमना हा संदेश अध्यक्षांना पुढे पाठवायचा होता. निर्णय घेणारा माणूस बहुधा आपल्याला ओळखत नसतो. म्हणून 'तुम्ही नेहमीच समजून घेता' यासारखी, दोघांच्या ओळखीवर टेकलेली वाक्ये मी काढली. आवाजी संदेश न पाठवण्याचे कारणही तेच आहे. शिवाय रडवेल्या आवाजातली विनंती समोरच्याला नाही म्हणू देत नाही, आणि नाही म्हणण्याची मोकळीक त्याला असलीच पाहिजे. दुसऱ्या अनुवादिकेचा पर्याय त्यासाठीच दिला होता, आणि तो खराच उपलब्ध आहे का, हे मी तिला आधी फोनवर विचारले होते.

'शक्य तितक्या लवकर', 'नाइलाजाने', 'कृपया समजून घ्यावे' हे शब्दप्रयोग मी एकेक करून खोडले. पहिल्यात तारीख नाही, दुसऱ्यात माहिती नाही आणि तिसऱ्यात समोरच्यावर भार आहे. दिलगिरी एकदाच, शेवटी आहे, आणि समोरच्याला नेमका कशाचा त्रास होणार आहे हे तिच्यात सांगितले आहे. मानधनात सूट मी देऊ केली नाही. उशिरामुळे संस्थेचा प्रत्यक्ष खर्च वाढला असता, उदाहरणार्थ छापखान्याला रात्रपाळीचे जास्तीचे पैसे द्यावे लागले असते, तर तो मी भरावा हे योग्य होते. खर्च वाढलेला नसताना आधीच सूट देणे म्हणजे होकार विकत घेण्यासारखे दिसते.

होकार आल्यानंतर

बुधवारी सकाळी अकराला उत्तर आले: सोमवार चालेल, मात्र शुक्रवारची पृष्ठे सहाऐवजी चारला हवीत. मी 'मान्य' एवढेच न लिहिता दोन्ही वेळा पुन्हा लिहून उत्तर दिले, म्हणजे नंतर कोणाच्या लक्षात वेगळे काही राहायला नको.

यापुढे रोज खबरबात देण्याची गरज नसते. क्लायंटला वडिलांच्या प्रकृतीपेक्षा पृष्ठांची स्थिती कळायला हवी, आणि तीही ठरलेल्या टप्प्यांवर. पण गाडी पुन्हा घसरते आहे असे दिसले तर ते आदल्या दिवशी सांगावे. माझ्या वहीत मी शनिवार रात्रीसाठी एक खूण केली होती: तोपर्यंत अनुवादाची निदान आठ पृष्ठे उरकली नाहीत तर रविवारी सकाळी दुसऱ्या अनुवादिकेसाठी परवानगी मागायची. दुसऱ्यांदा नवी तारीख मागू नये, काम दुसऱ्याकडे सोपवण्याची तयारी दाखवावी. वडिलांना शनिवारी पुन्हा ताप आला आणि तो दिवस जवळजवळ गेलाच. तरी रात्री मोजले तेव्हा नऊ पृष्ठे झाली होती. राखीव ठेवलेला सोमवार पूर्ण वापरावा लागला.

सोमवारी पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी फाइल पाठवली आणि सोबत लिहिले: 'पृष्ठ १ ते १६ आणि ४९ ते ६४ जोडली आहेत. पृष्ठ ५८ वरील टीप ११ मधील रक्कम मूळ इंग्रजी मजकुरात दोन ठिकाणी वेगवेगळी दिसते. ताळेबंदाशी जुळणारी रक्कम ठेवली आहे. छपाईपूर्वी ती लेखापरीक्षकांकडून कृपया तपासून घ्यावी.'